नट-बोल्टांचा वाघ-बकरी

तळवड्यात हा खेळ दोन वाटांनी आला असावा. मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून कामाला आलेली माणसं तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा त्रिकोणी पट सोबत घेऊन आली. रात्रपाळीला गेटवर बसणारे नेपाळी पहारेकरी चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा चौकोनी पट मांडतात, त्यांच्याकडे त्याला 'बाघचाल' म्हणतात. तमिळमध्ये त्रिकोणी पटाचं नाव 'आडु पुलि आट्टम', तेलुगूत 'पुली-मेका', आपल्याकडे वाघ-बकरी किंवा वाघ-शेळी. पट कोणताही असो, खेळाचा गाभा एकच आहे. वाघ थोडे असतात, उडी मारून खातात. बकऱ्या पुष्कळ असतात, खाऊ शकत नाहीत, फक्त कोंडू शकतात.

आपल्याकडच्या लेण्यांच्या ओट्यांवर आणि देवळांच्या फरशीवर असे पट कोरलेले दिसतात आणि लोक लगेच हजार-दोन हजार वर्षांच्या गप्पा सुरू करतात. लेणं जुनं असलं म्हणून त्याच्या ओट्यावर कोरलेल्या रेघा तितक्याच जुन्या ठरत नाहीत. पावसाळ्यात आडोशाला थांबलेला एखादा गुराखीही त्या कोरू शकतो. तेव्हा प्राचीनतेचा मुद्दा मी इथेच सोडतो. या पुस्तिकेत चौकोनी पटावरचे डाव आहेत, म्हणून ही प्रस्तावनाही त्याच पटाची. शेडच्या कोब्यावर वेल्डरच्या खडूने पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा ओढायच्या, मग तिरप्या. वाघांना चार बोल्ट, बकऱ्यांना वीस नट. जेवणाच्या सुट्टीत एक डाव बसतो, समोरचा फार विचार करणारा नसेल तर दोन.

घरांना आकडे दिल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. वरची ओळ डावीकडून १ ते ५, तिच्याखाली ६ ते १०, मग ११ ते १५, १६ ते २०, आणि सगळ्यात खाली २१ ते २५. म्हणजे कोपरे १, ५, २१ आणि २५, आणि मधलं घर १३. असे आकडे दिले की एक सोय आपोआप होते. विषम आकड्याच्या घरातून तिरप्या वाटा निघतात, सम आकड्याच्या घरातून निघत नाहीत. सम घरात उभा असलेला वाघ फक्त सरळ किंवा आडवा जाऊ शकतो. नवख्या खेळाडूला हे रेघांकडे बघूनही चटकन दिसत नाही. आकडा बघितला की लगेच कळतं.

नियम थोडक्यात. सुरुवातीला चारही वाघ कोपऱ्यांत असतात. बकऱ्या एकेक करून हव्या त्या रिकाम्या घरात बसवायच्या. प्रत्येक बकरीनंतर वाघाची एक चाल. वीसच्या वीस पटावर आल्याशिवाय कोणतीही बकरी जागची हलवता येत नाही. वाघ लागून असलेल्या बकरीवरून, त्याच रेघेत पलीकडचं घर रिकामं असेल तर उडी मारतो आणि ती बकरी जाते. एका चालीत एकच उडी, आणि वाघावरून उडी नाही. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना एकही चाल उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

आता बकरी मरते कशी ते नीट बघू. तिच्यातून जाणाऱ्या एखाद्या रेघेवर एका बाजूला वाघ हवा आणि दुसऱ्या बाजूला रिकामं घर हवं. यातलं एक नसेल तर त्या रेघेवरून तिला धोका नाही. वाघाला अडवणं आपल्या हातात नसतं, पण दुसरी बाजू भरणं असतं. आमच्याकडचे चांगले खेळाडू याला 'पाठ राखणं' म्हणतात. बकऱ्या हलत नसताना, म्हणजे पहिल्या वीस चालींत, पळून जाण्याचा प्रश्नच नाही. धोका आला की मागचं घर भरणं हा एकच उपाय. म्हणूनच वाघाचा खरा डाव दुहेरी धाकाचा असतो. तो अशा घरात येऊन उभा राहतो की दोन बकऱ्या एकदम टप्प्यात येतात. भरायला नट एकच असतो, मग एक बकरी जाणारच.

त्यामुळे बकरी कुठे बसवावी याचं उत्तर घरांच्या स्वभावातच आहे. कोपऱ्यातल्या बकरीला कधीच खाता येत नाही, कारण तिच्या पलीकडे पटच नाही. कडेची बकरी फक्त कडेच्या रेघेवरून जाते, म्हणजे तिची एकच पाठ राखायची. आतल्या सम घरातली बकरी दोन रेघांवरून जाते. आणि ७, ९, १७, १९ किंवा १३ या घरांत बसलेली चार रेघांवरून, म्हणजे आठ बाजूंनी. नवखा माणूस पहिला नट मध्ये ठेवतो, कारण मध्यावर ताबा मिळवायची सवय त्याला बुद्धिबळातून लागलेली असते. इथे मध्य बकऱ्यांचा नव्हे. आधी कडा, मग रिकामे झालेले कोपरे, आणि आत शिरायचं ते पाठ भरलेली असेल तरच.

वाघ कोंडण्याचा हिशेबही असाच घरागणिक बदलतो. लागून असलेली सगळी घरं भरलेली हवीत आणि उडी मारून जिथे पडता येईल तीही. १३ मध्ये उभ्या वाघाला कोंडायचं तर आठ शेजारची आणि आठ त्यांच्या मागची, अशी सोळा घरं लागतात. इतका खर्च कुणालाच परवडत नाही. कोपऱ्यातल्या वाघाला तीन शेजारची आणि तीन मागची, अशी सहा घरं पुरतात. पण सगळ्यात स्वस्त कोंडवाडा कोपऱ्यात नाही, कोपऱ्याला लागून आहे. घर २ बघा. त्याला शेजारी १, ३ आणि ७. सम घर असल्याने तिरपी वाट नाही. १ वरून उडी मारली तर पटाबाहेर, ३ वरून मारली तर ४, आणि ७ वरून मारली तर १२. म्हणजे १, ३, ४, ७ आणि १२ ही पाच घरं भरली की वाघ अडकला. कडेवरच्या अशा आठही घरांचं, म्हणजे २, ४, ६, १०, १६, २०, २२ आणि २४ यांचं हेच आहे. जाणता वाघवाला या घरांत पाय ठेवतो तो धाक दाखवण्यापुरता, आणि पुढच्याच चालीला बाहेर पडतो.

हे एका डावावरून दाखवतो. डाव पुस्तिकेतलाच आहे, फक्त तिथे तो नुसत्या आकड्यांत आहे.

बकरी ३ वर बसली. वाघ १ वरून ७ वर आला. दुसरी बकरी लगेच १ वर. इथेच बकरीवाल्याची नजर कळते: कोपरा रिकामा होताच त्याने न मरणारी बकरी मिळवली. वाघ ७ वरून २ वर गेला, कारण तिथून ३ वरून उडी मारून ४ वर पडता येतं. तिसरी बकरी ४ वर, ३ ची पाठ राखली. कोपऱ्यात ५ वर वाघ आहे, पण ४ वरून उडी मारली तर तो ३ वरच पडणार आणि ३ भरलेलं आहे, म्हणून ४ ची बकरीही सुरक्षित. आता २ मधल्या वाघाकडे बघा. १, ३, ४ भरलेली. त्याला फक्त ७ ची वाट उरली आहे. तीन बकऱ्यांत वाघाच्या तीनपैकी दोन वाटा बंद झाल्या.

वाघवाल्याने याच क्षणी बाहेर पडायला हवं होतं. पण त्याला २५ वरचा वाघ पुढे आणायचा होता. तो १९ वर आला. चौथी बकरी आता ७ वर ठेवावी असा मोह होतो. वाट उघडी आहे, ती बंद केली की झालं, असं वाटतं. पण ७ वर ठेवली तर २ चा वाघ तिच्यावरून १२ वर उडी मारेल. दार लावायच्या आधी दाराची मागची बाजू भरायची असते. म्हणून चौथी बकरी १२ वर.

वाघ १९ वरून १३ वर सरकला. आता १२ च्या बकरीला धोका आहे, कारण ११ रिकामं आहे. पाचव्या बकरीला दोन घरं खुणावतात: ७ आणि ११. घर ७ भरलं तर २ चा वाघ त्या क्षणी पूर्ण कोंडला जातो. पाचही घरं भरतात. तळवड्यातल्या बहुतेक डावांत इथेच आरडाओरडा होतो, आणि पुढच्याच चालीला तो बंद होतो. कारण १३ चा वाघ १२ ची बकरी खाऊन ११ वर पडतो, १२ रिकामं होतं, आणि २ चा वाघ ७ वरून उडी मारायला मोकळा. बकरीवाला १२ पुन्हा भरतो, तर ११ चा वाघ आता उलट्या बाजूने तीही खातो, कारण तो आला तेव्हा १३ रिकामं करून आला होता. आतल्या वाघाला कोंडणाऱ्या बकऱ्या बाहेरच्या वाघाच्या टप्प्यात असतील तर तो कोंडवाडा एका उडीत उघडतो. या खेळात सगळ्यात जास्त डाव याच जागी हातचे जातात.

तेव्हा पाचवी बकरी ११ वर. १२ ची पाठ राखली गेली. वाघवाल्याला अजूनही संधी आहे. २ चा वाघ ७ वर आला तर तो सुटतो आणि वर १२ वरून १७ वर उडी मारायचा धाकही देतो. बकरी १७ वर बसून तो धाक थांबवते आणि डाव खुला राहतो. पण या डावात वाघवाला ५ चा वाघ १० वर घेऊन गेला. का, ते त्यालाच माहीत. मग सहावी बकरी ७ वर, आणि २ चा वाघ अडकला. अजून एक भोक आहे. वाघ १३ वरून ८ वर येतो आणि ७ वरून ६ वर उडी मारायचा धाक देतो. सातवी बकरी ६ वर, आणि भोक बुजलं.

आता पट थांबवून १, ३, ४, ६, ७, ११ आणि १२ या सातही बकऱ्यांच्या रेघा एकेक करून तपासा. ६ च्या दोन्ही बाजूंना १ आणि ११, दोन्ही भरलेली. ११ वर १६ कडून वाघ आला तर पलीकडे ६ भरलेलं. ७ वर ८ कडून आला तर ६, १३ कडून आला तर १. १२ वर १३ कडून आला तर ११, १७ कडून आला तर ७. कुठूनही या, पलीकडचं घर भरलेलंच आहे. सात बकऱ्यांची ही मोट स्वतःच स्वतःची पाठ राखते आणि आत एक वाघ धरून ठेवते. यातली एकही हलली नाही तर तो वाघ डाव संपेपर्यंत सुटत नाही. सात नटांत एक वाघ गेला, एकही बकरी न देता. उरलेल्या अर्ध्याअधिक पटावर तीन वाघांविरुद्ध तेरा बकऱ्या यायच्या आहेत.

पुढचे वाघ याहून स्वस्तात जातात, कारण वाघावरून वाघ उडी मारत नाही. कोंडलेला वाघ त्याच्या शेजारच्या वाघासाठी फुकटची भिंत होतो. १ आणि २ वर शेजारी-शेजारी वाघ असतील तर दोघांना मिळून ३, ४, ६, ७, ११, १२ आणि १३ या सात बकऱ्या पुरतात. चारही वाघ वरच्या ओळीत १, २, ४ आणि ५ वर सापडले, तर दहा बकऱ्यांत सगळे अडकतात: ३, ६, ७, ९, १०, ११, १२, १३, १४, १५. घर ८ रिकामं असलं तरी चालतं, कारण यातल्या एकाही वाघाला तिथे जायची वाट नाही. वाघवाले म्हणून वाघ एकमेकांजवळ ठेवत नाहीत, आणि शक्यतो कुणा एकाला १३ वर ठेवतात, जिथून आठ वाटा निघतात.

आमिषाबद्दल एक गैरसमज आहे. बकरी देऊन वाघाला कोपऱ्यात ओढायचं आणि मग कोंडायचं, असं कट्ट्यावर ऐकायला मिळतं. पण नुकताच खाल्लेला वाघ लगेच कोंडता येत नाही. तो जिथून उडाला ते घर आणि खाल्लेल्या बकरीचं घर, ही दोन्ही त्याच्या मागे रिकामी असतात. मधलं घर भरलं तर तो त्यावरून उलटी उडी मारतो, मागचं भरलं तर मधल्या घरात परत येतो. एका नटात दोन घरं भरत नाहीत. आमिषाचा उपयोग दुसराच आहे. पटाच्या एका टोकाला एखादा वाघ पुढच्या चालीला निसटणार असतो आणि तो कोंडायला आपल्याला एक चाल कमी पडत असते. अशा वेळी दुसऱ्या टोकाला बकरी पुढे करायची. वाघवाल्याने ती खाल्ली तर निसटायची चाल खर्ची पडली. खाणं सक्तीचं नाही, त्यामुळे शहाणा वाघवाला खात नाही. पण जेवणाच्या सुट्टीत शहाणपण जरा कमीच असतं, आणि चार बकऱ्या गेल्या तरी डाव जात नाही.

विसावी बकरी बसली की खेळ बदलतो, आणि पुस्तिकेचा दुसरा भाग याच टप्प्याचा आहे. चार वाघ आणि वीस बकऱ्या मिळून चोवीस. एकही बकरी गेली नसेल तर पटावर एकच घर रिकामं उरतं. नवख्याला वाटतं, आता जिंकलोच. पण बकरीवाल्याला चाल सोडता येत नाही, हा नियम इथे महागात पडतो.

समजा वाघ २, १७, २१ आणि २५ वर आहेत, १६ रिकामं आहे आणि चाल बकऱ्यांची आहे. १६ ला लागून ११, १७ आणि २१ ही तीनच घरं, त्यातल्या दोनांत वाघ. म्हणजे ११ ची बकरीच हलू शकते, आणि हलावीच लागते. ती १६ वर गेली की २१ चा वाघ तिच्यावरून थेट ११ वर पडतो. आपल्या मोटेतला पहारेकरी गेला आणि वाघ त्याच्या जागी येऊन बसला. बकऱ्यांनी चूक कुठे केली? या चालीत नाही. चूक आधीच झाली होती, शेवटचं रिकामं घर मोटेच्या कडेला उरू दिलं तेव्हा. शेवटचे दोन-तीन नट बसवताना कोणतं घर भरायचं यापेक्षा कोणतं उरवायचं, हे ठरवावं लागतं. उरलेल्या घराला लागून किमान दोन अशा बकऱ्या हव्यात, ज्यांच्या हलण्याने काही सुटत नाही. त्या नुसत्या इकडून तिकडे करत राहतात आणि कोंडणाऱ्यांना जागा सोडावी लागत नाही.

दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळलं तर कोण जिंकतं, याचं उत्तर आता माहीत आहे. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोन संशोधकांनी चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा हा खेळ संगणकाने तपासून काढला. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की तो बरोबरीत सुटतो. कोबा आणि खडूच्या खेळाला याने काही फरक पडत नाही, कारण बिनचूक खेळणारं इथे कुणी नाही. मला त्यातून एक गोष्ट मात्र घ्यावीशी वाटते. वाघाकडून हरणारे 'वाघांनाच सोपं आहे' म्हणतात, बकऱ्यांकडून हरणारे 'वीस जणांपुढे चौघांचं काय चालणार' म्हणतात. दोघांचीही तक्रार खोटी आहे. खरी अडचण एवढीच की वाघाची चूक एका चालीत सुधारता येते आणि बसलेल्या बकरीची येत नाही. म्हणून शिकणाऱ्याने आधी बकऱ्या घ्याव्यात, असं मी सांगतो, आणि फारसं कुणी ऐकत नाही. बोल्ट हातात घ्यायला सगळ्यांनाच आवडतं.

पुस्तिका वापरताना एक काळजी घ्यावी. डाव मांडण्याआधी नियम ठरवून घ्यावेत, कारण एकाच शेडमध्ये तीन गावांचे तीन नियम असतात. काही जण वाघाला एका चालीत सलग दोन उड्या देतात. ते मान्य केलं तर वर ज्या मोटेचं वर्णन केलं ती तशीच टिकते, कारण तिच्यातली पहिली उडीच होत नाही. पण आमिषाचा हिशेब कोलमडतो, आणि त्या भागातले डाव सोडून द्यावेत. काही जण चालीचा टप्पा सुरू झाल्यावर तीच मांडणी पुन्हा आणायला बकऱ्यांना मनाई करतात. तसं असेल तर दोन मोकळ्या बकऱ्या इकडून तिकडे करणं फार काळ चालत नाही, आणि दोनऐवजी तीन-चार मोकळ्या बकऱ्या राखाव्या लागतात. त्रिकोणी पटावर खेळणाऱ्यांनी आकडे विसरावेत. तिथे तेवीस घरं आहेत आणि कोंडवाड्याची मापं वेगळी आहेत. प्रत्येक घराला लागून किती घरं आणि मागे किती, हे त्यांनी एकदा खडूने लिहून काढावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातच कळतं की त्या पटावर वाघाने कुठे थांबू नये.